"बघू, निघेल" या दोन शब्दांची किंमत: साइटवरचं बोलणं लेखी कसं करावं

प्रश्न: मी परभणीत चार वर्षांपासून आर्किटेक्ट म्हणून काम करतोय. सध्याच्या एका बंगल्यात मालकांनी साइटवर, फोनवर, चहा पिताना मिळून सात-आठ बदल सांगितले. घरोबा आहे म्हणून काही लिहून घेतलं नाही. आता ठेकेदार जास्तीचे पैसे मागतोय आणि मालक म्हणतात, "पैसे वाढतील असं तुम्ही बोललाच नव्हता." लिहून मागितलं तर त्यांना अविश्वास वाटेल. नातं न बिघडवता हे कसं करायचं?

उत्तर:

लिहून मागायचंच नाही. आपण लिहून पाठवायचं आणि त्यांच्याकडून फक्त "मान्य" एवढाच शब्द घ्यायचा. मालकाला कागदावर सही कर म्हटलं की त्याला कोर्ट दिसतं. "काल तुम्ही जे बोललात ते मी नीट समजलो ना, एकदा बघून घ्या" असं म्हटलं की त्याला आपली काळजी घेतल्यासारखं वाटतं, आणि ती खरंच काळजी असते. लातूर-उदगीर भागात वीस वर्षं घरं बांधल्यावर सांगतो, लिहून पाठवलं म्हणून माझ्यावर कुणी रुसलं नाही. न लिहिल्यामुळे मात्र दोन घरांशी बोलणं बंद झालं. त्यातल्या एका ठिकाणी वरची गॅलरी वाढवायला मी स्लॅबवर उभा राहून "करा" म्हणालो होतो. ठेकेदाराचं बिल आलं तेव्हा मालकांनी ते माझ्या फीमधून वळतं केलं. मला तेव्हा राग आला होता, पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर पैसा त्यांचा होता आणि खर्चाला होकार मी दिला होता. करार मालक आणि ठेकेदार यांच्यात असतो. मालकाने आकडा मान्य करण्याआधी आपण ठेकेदाराला "करा" म्हटलं, की त्या खर्चाचे धनी आपण होतो.

एक खरं काम उलगडून सांगतो. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. आकडे त्या वेळच्या, त्या कामाच्या दरांचे आहेत. तुमच्याकडचे दर तुम्ही लावा.

लातूरमधलं घर, मालक शिक्षक. खालच्या मजल्याच्या भिंती लिंटेलपर्यंत आलेल्या, जोत्यात मुरूम भरून धुम्मस झालेली, आणि येत्या शुक्रवारी सेंट्रिंगचं सामान येणार होतं. रविवारी सर साइटवर आले, सोबत वहिनी. चहा झाला. सर म्हणाले, "साहेब, आईचे गुडघे लईच दुखायलेत. रात्री उठून हॉल ओलांडून जाणं होईना. तिच्या खोलीत कोपऱ्यात छोटं बाथरूम निघंल का? जागा तर हाय की." मी म्हणणार होतो, "बघू, निघेल." जीभ तिथेच आवरली, कारण शेजारी मिस्त्री उभा होता. आपण "बघू, निघेल" म्हणतो तेव्हा आपल्या मनात "बघू" असतं, मालकाला "निघेल" ऐकू येतं आणि मिस्त्रीला "उद्यापासून सुरू" ऐकू येतं. म्हणून मी म्हणालो, "गरज खरी आहे सर. आज मापं घेतो, उद्या संध्याकाळपर्यंत खर्च आणि दिवस लिहून पाठवतो. तोपर्यंत मिस्त्री हात लावणार नाही." शेवटचं वाक्य मिस्त्रीकडे बघून बोललो.

आता त्या कोपऱ्यात काय काय दडलेलं होतं ते बघा, कारण लेखी मजकुराचा दर्जा इथेच ठरतो. खोली १२ बाय १४ ची, बाथरूम ४ बाय ७ चं. दोन भिंती आहेतच, दोन नव्या घ्यायच्या. मालकाला एवढंच दिसतं: दोन भिंती, एक दार, एक कमोड. सरांचा अंदाज होता पंचवीस-तीस हजार.

न दिसणाऱ्या गोष्टी तीन होत्या. पहिली म्हणजे नवी भिंत उभी कशावर राहणार? आपल्याकडच्या काळ्या मातीत, वर मुरूम भरलेला असला तरी, साडेचार इंची भिंत नुसत्या भरावावर उभी केली तर पाऊस-उन्हाळ्याच्या दोन फेऱ्यांत ती खाली बसते आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. म्हणजे खाली छोटा आरसीसी बीम घेऊन तो जुन्या जोत्याच्या बीमांना नीट बांधायचा, आणि त्याचं डिटेल स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच यायला हवं. दुसरी गोष्ट मैल्याच्या पाइपची. जवळचं चेंबर २४ फुटांवर होतं. ४ इंची पाइपला ६० ला १ असा उतार धरला तर तेवढ्या अंतरात सुमारे ५ इंच खाली जावं लागतं. चेंबरची पातळी मोजल्याशिवाय बाथरूम "निघेल" असं म्हणणंच चूक ठरलं असतं. शिवाय पाइप बाहेर काढायला जोत्याच्या बीममध्ये आधी स्लीव्ह सोडलेली नव्हती. मिस्त्रीला सांगितलं नाही तर तो सरळ छन्नी घेऊन बीम फोडतो. पाइप बीमच्या खालून न्यायचा हे लेखी बदलात ठळक लिहावं लागतं. तिसरी गोष्ट खिडकीची. जुनी खिडकी नव्या बाथरूमच्या भिंतीवर अर्धी येत होती, ती सरकवायची आणि बाथरूमला वेगळा झरोका ठेवायचा.

हिशेब असा बसला. भिंती आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर १६,०००. खालचा बीम १२,५००. पाइप, खोदाई आणि नवं चेंबर १४,०००. वॉटरप्रूफिंगसह फरशी आणि टाइल २४,०००. सॅनिटरीचं सामान, आईंसाठी भिंतीवरचे आधाराचे दांडे धरून, ३२,०००. दार-चौकट ११,०००. लाइट, गीझर, एक्झॉस्टचे पॉइंट ५,५००. खिडकी फोडून सरकवणं ४,५००. झाले १,१९,५००. खोलीची २८ चौरस फूट फरशी वाचली तिचे २,८०० वजा केले. सुधारित नकाशे आणि इंजिनिअरचं डिटेल यांचे ८,०००. एकूण १,२४,७००. वजावट छोटी असली तरी दाखवाच. मालकाला तिथे कळतं की आपण त्याच्या बाजूनेही मोजलंय.

खर्चाइतकंच वेळेचं लिहायचं असतं आणि बहुतेक जण तिथे ढिसाळ असतात. "आठ-दहा दिवस जास्त लागतील" याला काही अर्थ नाही. बाथरूमचं काम किती दिवसांचं, हा प्रश्नच नाही. साइटवरची पुढची कोणती पायरी त्यामुळे अडते आणि ती पायरी कधी आहे, हा प्रश्न आहे. इथे शुक्रवारी सेंट्रिंग लागणार होतं. एकदा खोलीत टेकू उभे राहिले की त्यांच्याखालचा मुरूम खोदता येत नाही, टेकू सैल पडतील. बीमखालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत. म्हणजे दोनच वाटा होत्या. बुधवारपर्यंत होकार आला तर बीम आणि पाइप सेंट्रिंगआधी होतील, स्लॅब ५ दिवस पुढे जाईल आणि घराचा ताबा एकूण ८ दिवसांनी लांबेल. होकार नंतर आला तर स्लॅब ठरल्या दिवशीच पडेल, पण खोदाई टेकू निघाल्यावर, बंद खोलीतून घमेल्यांनी माती काढत करावी लागेल. त्याचे ६,००० जास्त, आणि ताबा १५ दिवसांनी लांबेल. उन्हाळ्याचे दिवस होते, क्युरिंगचं पाणी टँकरने येत होतं, त्यामुळे लांबलेल्या प्रत्येक आठवड्याला टँकरचं बिलही होतं.

हे कळल्यावर "उत्तर लवकर द्या" अशी विनवणी करावी लागत नाही, मुदत कामातूनच निघते. सोमवारी संध्याकाळी पाठवलेला मजकूर जवळपास जसाच्या तसा देतो.

> नमस्कार सर. रविवारी साइटवर झालेलं बोलणं लिहून पाठवतोय. काही चुकलं असेल तर सांगा.
>
> बदल क्र. ३. तुम्ही म्हणालात: आईंच्या गुडघ्यांमुळे त्यांच्या खोलीतच बाथरूम हवं.
>
> काय होईल: खोलीच्या वायव्य कोपऱ्यात ४ बाय ७ फूट बाथरूम. खिडकी ३ फूट पूर्वेकडे सरकेल. खोलीत पलंग आणि एक कपाट बसेल, दुसरं कपाट बसणार नाही.
>
> खर्च: १,२४,७०० रुपये जास्त (तपशील सोबतच्या पानावर). यात सॅनिटरी सामानाचे ३२,००० धरलेत. तुम्ही महाग-स्वस्त घ्याल तसा तेवढाच भाग बदलेल. नव्या चेंबरच्या खोदाईत मांजऱ्या दगड लागला तर तिथला खर्च मोजून, आधी सांगून. बाकी रक्कम पक्की.
>
> वेळ: बुधवारी रात्री ८ पर्यंत होकार आला तर स्लॅब ५ दिवस आणि ताबा ८ दिवस पुढे. त्यानंतर ठरलं तर स्लॅब ठरल्या दिवशी, पण खर्च आणखी ६,००० आणि ताबा १५ दिवस पुढे.
>
> बुधवारपर्यंत उत्तर नसेल तर काम जुन्या नकाशाप्रमाणेच चालू राहील.
>
> घरच्यांशी, वास्तू बघणाऱ्यांशी बोलायचं असेल तर ते बुधवारच्या आत व्हावं. मान्य असेल तर "बदल ३ मान्य" एवढं लिहा.

या मजकुरातल्या काही जागा मुद्दाम तशा आहेत. बदल क्रमांकाच्या ओळीत मालकाचं कारण त्याच्याच शब्दांत आहे. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की खिडकी का सरकवली, तर आईच्या गुडघ्यांपाशी वाद संपतो. दुसरं कपाट बसणार नाही हेही लिहिलंय, कारण बदलाने काय मिळतं ते मालक स्वतःच धरून चालतो, काय जातं ते आपणच सांगावं लागतं. वहिनींना नंतर "कपाट कुठंय?" असा प्रश्न पडला असता. कोणता आकडा पक्का आणि कोणता हलता हे वेगळं सांगितलंय. सगळंच "अंदाजे" लिहिलं तर मालक त्यातला कमीत कमी आकडा लक्षात ठेवतो आणि ठेकेदार जास्तीत जास्त.

उत्तर नसेल तर जुना नकाशा चालू, ही ओळ कधीच गाळू नका. गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरून फोडाफोडी सुरू केली की आपण हरलो. आणि अंगठ्याच्या चिन्हावर भागवू नका. अंगठा म्हणजे "वाचलं" की "मान्य", हे पाठवणाऱ्यालाही नंतर आठवत नाही. सरांनी अंगठाच पाठवला होता. मी फोन केला, "सर, तेवढं बदल ३ मान्य असं लिहा, मिस्त्रीला दाखवायला लागतं." दहा मिनिटांत आलं, पण सोबत दुसरा प्रश्नही आला: "पुण्याच्या भावाला विचारावं लागंल, निम्मे पैसे त्याचे हायेत."

हे आपल्याकडे दर दुसऱ्या घरात असतं. साइटवर वडील उभे, पैसे पुण्याहून येणार, आणि घरात शेवटचा शब्द तिसऱ्याचाच. म्हणून काम हातात घेतानाच एका ओळीत ठरवून घ्या की बदलाला होकार कोण देणार. दोघे असतील तर दोघांनाही मजकूर जायला हवा. भावाने फोन करून मलाच विचारलं, "बीम कशाला? नुसती भिंत घ्या की." मी त्याला काळ्या मातीचं सांगितलं. तो लातूरचाच, १९९३ चा भूकंप लहानपणी पाहिलेला; बीमवर पुन्हा बोलला नाही. बुधवारी साडेसातला दोघांचे होकार आले.

होकारानंतरचं काम मालकाला दिसत नाही, पण घोटाळे तिथेच होतात. खालच्या मजल्याचा नकाशा आर-१ होता, त्याचा आर-२ काढला, बदललेल्या भागाभोवती ढग काढला आणि कोपऱ्यात "बदल क्र. ३" लिहिलं. साइटवर नवा नकाशा देताना जुना परत घेतला. जुनी प्रत साइटवर राहिली की तीच मिस्त्रीच्या हाताला लागते. ठेकेदाराला वेगळा मेसेज: बदल ३, रक्कम इतकी, मालकांनी मान्य केली, आर-२ प्रमाणे करा, जोत्याचा बीम फोडायचा नाही. माझ्या प्रत्येक साइटवर पहिल्या दिवसापासून नियम असतो की ज्या बदलाला नंबर नाही त्याला हात लावायचा नाही, मालक स्वतः उभा राहून सांगत असला तरी. मिस्त्रीलाही ते सोयीचं पडतं. "साहेबांचा नंबर येऊ द्या" म्हणून तो सुटतो.

एक मर्यादा सांगतो. काही बदलांना मालकाचा होकार पुरत नाही. कॉलम, बीम, लिंटेलची सलग पट्टी यांना धक्का लागत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी उत्तर घ्यायचं, मग मालकाला आकडा. मार्जिनमध्ये जाणारा किंवा बांधकाम क्षेत्र वाढवणारा बदल असेल तर महापालिकेची सुधारित परवानगी लागते का ते तपासून, तिचा वेळ आणि शुल्क त्याच मजकुरात लिहायचं. "नंतर बघू" म्हणून बांधलेली गॅलरी भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी समोर येते.

ज्या बदलाला पैसे लागत नाहीत तोही नंबर देऊन लिहा: खर्च शून्य, वेळ शून्य. दाराची उघडण्याची बाजू बदलली, एवढंच असेल तरी. असे शून्यवाले बदल लिहिण्याची सवय मालकाला लागली की मोठा आकडा असलेला मजकूर आला तरी तो दचकत नाही. नाकारलेला बदलही ठेवा. याच घरात बदल ५ होता, जिन्याखाली स्टोअर. खर्च वाचून सर म्हणाले, आत्ता नको. वर्षाने वहिनींनी विचारलं, "स्टोअर काढायचं साहेब विसरले का?" सरांनीच जुना मेसेज काढून दाखवला. आणि बदलाचं मूळ आपल्या नकाशातली चूक असेल तर तेही तसंच लिहायचं: "माझ्या नकाशात माप चुकलं, दुरुस्तीचे नकाशे माझ्याकडून, फोडाफोडीचा खर्चही माझ्याकडे." हे मी दोनदा लिहिलंय. हात थरथरतो, पण बाकीच्या आकड्यांवर मालकाचा विश्वास त्यामुळेच बसतो.

व्हॉट्सॲपवरचा होकार कायद्याने चालतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १० अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार रद्दबातल ठरत नाही. पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मला स्वतःला कधी तिथवर जावं लागलं नाही. फक्त फोन हरवतो, चॅट पुसली जाते, म्हणून महिन्याच्या शेवटी त्या महिन्यातले सगळे बदल एका पानावर, एकूण रक्कम आणि नवी ताब्याची तारीख लिहून मालकाला ईमेल करतो. त्या पानावर मूळ रक्कम, बदलांची बेरीज आणि आजची रक्कम अशा तीन ओळी वर असतात.

आता तुमच्या सात-आठ बदलांचं. त्यांना मागच्या तारखेचे होकार मागू नका, ते खोटं ठरेल आणि मालक दुखावतील. आधी एकटे बसा, नकाशा आणि प्रत्यक्ष साइट समोरासमोर ठेवा, आणि कोणता बदल कुणी कधी सांगितला ते आठवेल तसं लिहा. फोनची यादी, साइटचे फोटो, सामानाची बिलं यांवरून तारखा बऱ्यापैकी सापडतात. मग तीन ढिगारे करा: काम पूर्ण झालेले, अर्धवट असलेले, अजून सुरूच न झालेले. ठेकेदाराला त्याच क्रमाने मोजमापासकट बिल मागा, ठोक आकडा घेऊ नका. पूर्ण झालेल्यांचं मोजमाप तुम्ही स्वतः त्याच्यासोबत टेपने करा. ठोक आकड्यात हमखास एखादी भिंत दोनदा धरलेली निघते. मूळ नकाशातलं जे काम वगळलं गेलं त्याची वजावटही त्यातच घ्या.

मग मालकांकडे घरी जा, साइटवर नको, ठेकेदाराला सोबत नको. पहिलं वाक्य हेच असू द्या की खर्च वाढेल हे त्या त्या वेळी सांगायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं. त्यानंतर झालेल्या कामाचं मोजमाप दाखवा. अर्धवट आणि सुरू न झालेल्या बदलांना तिथेच नंबर द्या, प्रत्येकाचा खर्च आणि दिवस दोन दिवसांत लिहून पाठवतो म्हणून सांगा, आणि ते येईपर्यंत त्या जागांवरचं काम थांबवा. झालेल्या कामाच्या पैशांवर त्या दिवशी तोडगा निघाला नाही तरी चालेल, ते ओढाताणीचंच राहणार. पण बदल क्र. ९ सांगायला मालकांचा फोन येईल तेव्हा त्याच संध्याकाळी वरच्यासारखा मजकूर त्यांच्या फोनवर जायला हवा.